कॅलेंडरचं शेवटचं पान : सोसायटीच्या ३१ डिसेंबरच्या सजावटीच्या नोंदी

आमची सोसायटी पुण्यातली, चोवीस बिऱ्हाडांची. दरवर्षी ३१ डिसेंबरला सगळे एकत्र जेवतो, या वर्षी सजावट माझ्याकडे आली. कुणाला असंच काही करायचं असेल तर आमचे पैसे आणि वेळ कुठे वाया गेले ते आधी कळावं, म्हणून तारखेवार लिहून ठेवते आहे.

७ डिसेंबर २०२५, रविवार

मीटिंग झाली. घरटी पाचशे रुपये, म्हणजे एकूण बारा हजार. नऊ हजार जेवणाला आणि तीन हजार सजावटीला. माणसं साधारण साठ, त्यांतली सोळा-सतरा मुलं. जागा गच्ची ठरली.

कल्पना आठवीतल्या एका मुलीने सुचवली. वर्ष संपतंय तर कॅलेंडरच करू या, आणि बारा वाजता ३१ तारखेचं पान फाडून खाली १ जानेवारी दिसू दे. मला ती लगेच पटली, कारण रंगांचा प्रश्न तिथेच मिटला. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे रंग तीनच असतात. कागद पांढरा, आकडे काळे, आणि रविवार-सणवार लाल. फुगे, पताका, फोटोची जागा, सगळं याच तीन रंगांत करायचं ठरलं. दुकानात गेल्यावर सोनेरी, गुलाबी, निळं असं सगळंच घ्यावंसं वाटतं आणि खर्च तिथेच वाढतो. तीन रंग आधी पक्के असले की हात आवरता येतो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बोहरी आळीत जाऊन आले. तुळशीबागेतून चालत जाता येतं, पण येताना सामान असल्यामुळे रिक्षा केली. जाण्यायेण्याचे २२० रुपये झाले. या खरेदीत तेवढंच जरा जड वाटलं.

फुग्यांबद्दल दुकानदाराने चांगलं समजावलं. दहा इंची साध्या फुग्यांची शंभरची पुडी १८० रुपयांना मिळाली. एक लाल घेतली, एक पांढरी. काळ्या फुग्यांची पन्नासची पुडी १०० रुपये, आणि फटी भरायला पाच इंची पांढरे शंभर फुगे ९० रुपये. चकचकीत 'मेटॅलिक' फुगे फार महाग नव्हते, पण नमुन्याच्या फुग्याचा दुकानातच मोबाईलवर फोटो काढून पाहिला तर प्रत्येक फुग्यावर ट्यूबलाइटची पांढरी रेघ उमटली होती. साध्या फुग्यावर ती पुसट येते. फोटोसाठी सजावट करायची असेल तर साधेच घ्यावेत.

हातपंप दोन घेतले, ७० रुपयांना एक. पंप दोन्हीकडून हवा मारणारा असावा. दांडा आत ढकलताना आणि बाहेर ओढतानाही हवा जाते, त्यामुळे निम्म्या वेळात काम होतं. शिवाय तंगुसाचं एक रीळ ४० रुपयांना, क्रेप कागदाच्या दहा गुंड्या १५ रुपयांप्रमाणे, आणि चमकीचे दोन पडदे १२० रुपयांना एक असे घेतले. हे पडदे घ्यायला नको होते. त्याचं पुढे येईलच.

दोन वस्तू मागितल्याच नाहीत. फुग्याला लावायच्या प्लॅस्टिकच्या काड्या आणि सजावटीचा थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. आपल्याकडे थर्माकोलवर बंदी २०१८ पासूनच आहे. तरी कुठे ना कुठे मिळतात. आम्ही अक्षरं आणि आकडे कार्डशीटचे करायचे आणि त्यांना मागून खोक्याच्या पुठ्ठ्याचा आधार द्यायचा असं ठरवलं.

१३ आणि १४ डिसेंबर, शनिवार-रविवार

या दोन दिवसांनी आमची सगळी सजावट वाचवली. सगळं सामान लावायच्या आधी थोडंसं गच्चीवर लावून रात्रभर तसंच ठेवू या, असं सेक्रेटरी काका म्हणाले. शनिवारी संध्याकाळी कठड्यावर क्रेपच्या दोन गुंड्या पिळून बांधल्या आणि पाण्याच्या टाकीच्या शिडीला आठ फुगे लावले. लाल तीन, काळे दोन, पांढरे तीन.

रविवारी सकाळी सातला वर गेले. रात्रभर दव पडलेलं. क्रेप ओला होऊन लोळागोळा झाला होता, त्याचा पीळ सुटला होता आणि लाल क्रेपचा रंग कठड्याच्या पांढऱ्या रंगावर उतरला होता. हातभर लांबीचे गुलाबी ओघळ. ओल्या फडक्याने पुसले तर आणखी पसरले. शेवटी त्या भागावर दोन हात पांढरा रंग मारावा लागला. रंग सोसायटीचाच शिल्लक होता म्हणून पैसे वाचले, रविवारची सकाळ मात्र त्यात गेली.

फुगे सकाळी ठीक होते. दुपारी एकला पाहिलं तेव्हा दोन्ही काळे आणि एक लाल फुटलेले. उरलेल्यांवर राखेसारखी पांढुरकी झाक आली होती, चकाकी गेली होती. रबरावर थेट ऊन पडलं की असं होतं. गडद रंग ऊन जास्त ओढून घेतो, आतली हवा तापून फुगते, आणि मूळचाच फुगा पूर्ण फुगवलेला असला तर तिला जागाच उरत नाही.

म्हणजे गच्चीवर दुपारी सजावट करावी तर ऊन, आणि ऊन उतरल्यावर घाईघाईने करावी तर कार्यक्रम रंगात येईपर्यंत दव. मांडव घालायचा तर भाडंच आमच्या तीन हजारांच्या वर. संध्याकाळी पुन्हा बसलो आणि कार्यक्रम खाली पार्किंगमध्ये आणला. छप्पर आहे, ऊन नाही, दव नाही, आजी-आजोबांना जिनेही चढायला नकोत. ३१ ला दुपारी तीनपर्यंत गाड्या बाहेर काढायच्या, अशी नोटीस त्याच दिवशी लावली. जे गावाला जाणार होते त्यांच्या चाव्या शेजाऱ्यांकडे ठेवून घेतल्या. हे आठवडाभर उशिरा सुचलं असतं तर फोटोच्या कोपऱ्यातच एक गाडी उभी राहिली असती, तिचे मालक २० तारखेलाच गावाला गेले.

१६ डिसेंबर, मंगळवार

पार्किंगमध्ये क्रेप लावून पाहिला. इथे दव नाही, पण आरपार वारा आहे. खांबांमधलं अंतर चौदा फूट. एवढ्या लांबीवर नुसता क्रेप हिंदकळतो आणि जिथे चिकटवला असेल तिथेच फाटतो. चिकटपट्टीही टिकेना. खांबांना सिमेंटचा रंग आहे, त्याची भुकटी पट्टीला लागते आणि दहा मिनिटांत पट्टी सुटते.

मग भिंतीला, खांबाला काहीही चिकटवायचं नाही असा नियमच केला. प्रत्येक खांबाला सुतळीचे दोन वेढे घट्ट मारले आणि एका खांबाच्या वेढ्यापासून दुसऱ्याच्या वेढ्यापर्यंत सुतळी ताणली. आता जे लटकवायचं ते या सुतळीला. क्रेप खांबांनाच गुंडाळला, लाल-पांढरा पिळून. तिथे वारा त्याला काही करत नाही, आणि उरलेल्या आठ गुंड्या बरोबर पुरल्या.

प्रश्न राहिला तो सुतळीवर काय लावायचं याचा. विकतच्या पताका छताला पुरतील एवढ्या घ्यायच्या तर सातआठशे रुपये. त्या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अगं, वर्ष संपतंय ना? मग जुन्या कॅलेंडरची पानं कुणाला हवीत? त्यांच्याच पताका करा की."

२१ डिसेंबर, रविवार

चौदा घरांतून जानेवारी ते नोव्हेंबरची पानं आली. डिसेंबर अजून भिंतीवर हवा म्हणून तो मागितला नाही. अकराप्रमाणे १५४ पानं जमली.

कापायच्या आधी ती प्रत्येक घराला एकदा परत दाखवली. हे सुचवलं आजींनीच आणि ते फार योग्य होतं. कॅलेंडरवर माणसं काय काय लिहितात. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, कुणाच्या डॉक्टरांच्या तपासण्या, कुणाच्या कर्जाचे हप्ते. यातलं काही चारचौघांत टांगायचं नसतं. काहींनी चारपाच पानं काढून घेतली. देवादिकांची चित्रं असलेली पानं आम्हीच वेगळी केली, कारण पताका खाली पडून पायदळी गेली तर मनाला लागतं. शेवटी १२० पानं उरली.

एका पानाच्या चार पताका. वरची दोन बोटं रुंद पट्टी मागे दुमडून सुतळीवर टाकायची, खळ लावायची आणि मधोमध एक स्टेपल पिन मारायची. नुसती खळ लावली तर पताका सुतळीवर घसरत एका बाजूला गोळा होतात, नुसती पिन मारली तर वाऱ्याने कागद तिथे फाटतो. दोन्ही हवं. दर वीतभर अंतरावर एक अशा ४८० पताका झाल्या आणि सुमारे पंचाण्णव मीटर सुतळी भरली. दहा मुलं आणि चार मोठे, सकाळी दहा ते दुपारी दोन. सुतळी, खळ आणि पिना मिळून १६० रुपये.

काम अपेक्षेपेक्षा हळू झालं, कारण जो तो पान कापायच्या आधी वाचत बसला. एका पताकेवर निळ्या शाईत एवढंच होतं : 'गॅस लावला. आंबे २ डझन. बाळ चालला.' ती १४ मेची होती. ती फोटोच्या जागेजवळ लावायला मी बाजूला ठेवली.

२४ डिसेंबर, बुधवार

आज फोटोच्या कोपऱ्याची पहिली चाचणी घेतली. ती पूर्ण फसली.

आधीची योजना अशी होती की फ्रीजच्या खोक्याची चौकट करायची, मधे खिडकी कापायची, आणि त्यातून डोकावून फोटो काढायचा. दोन मोठी खोकी १०० रुपयांना आणली होती. खिडकी पाच फुटांवर कापली तर मुलं पोचेनात, खाली कापली तर मोठ्यांना वाकावं लागे. आणि सहाजणांचं कुटुंब एका खिडकीत मावतच नाही. चौकट मोडली. तो पुठ्ठा नंतर आकड्यांना मागून लावायला कामी आला.

मागे चमकीचे पडदे लावले होते. डोळ्यांना छान दिसतात, पण फोटोत ते समोरचा उजेड परत फेकतात. माणसांच्या मागे पांढरे डाग, आणि मोबाईल त्या डागांप्रमाणे उजेड कमी करतो म्हणून चेहरे काळवंडतात. फ्लॅश लावला तर आणखी वाईट. २४० रुपये गेले.

पडद्याऐवजी मांजरपाट आणलं. छत्तीस इंची पन्हा, पाच मीटर, ६० रुपयांप्रमाणे ३०० रुपये. आठ-आठ फुटांच्या दोन पट्ट्या एकाखाली एक शिवल्या की आठ फूट रुंद आणि सहा फूट उंच कापड होतं. मांजरपाटाला चमक नाही आणि त्याचा किंचित मळकट पांढरेपणा फोटोत कागदासारखाच दिसतो.

२७ डिसेंबर, शनिवार

मुलांनी कापडावर डिसेंबर महिना आखला. पहिल्यांदा मोबाईलमधल्यासारखा आखला होता, वार वर आडवे आणि तारखा उजवीकडे जाणाऱ्या. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी पाहून सांगितलं, "हे आपल्या भिंतीवरचं नाही वाटत." त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे वार डावीकडे एकाखाली एक असतात, वर रविवार, आणि तारखा खाली उतरत जातात. आखणी पेन्सिलीची होती म्हणून पुसून पुन्हा केली. सात ओळी, पाच रकाने. पहिल्या रकान्यात रविवार रिकामा आणि सोमवारी १ तारीख, शेवटच्या रकान्यात २८ ते ३१. रविवार आणि २५ तारीख लाल, बाकी काळे. आकडे चौकटीच्या कोपऱ्यात लहान ठेवले, म्हणजे मधे जागा राहिली.

आता मुख्य पान, म्हणजे मोठं '३१'. ते कापडाच्या मधोमध लावून दोघांना समोर उभं केलं तर आकडा डोक्यांमागे गेला. फूटभर वर घेतला तरी खालचा भाग झाकला जातच होता. याचं कारण कळायला मला अर्धा तास लागला. माणूस कापडाला टेकून उभा नसतो, पुढे असतो. त्यामुळे मोबाईलमधून त्याचं डोकं कापडावर आहे त्यापेक्षा वर दिसतं. फोटो काढणाऱ्याने मोबाईल छातीशी धरला तर आणखी वर. माणूस कापडापासून अडीच फूट पुढे, फोटो काढणारा त्याच्यापुढे आठ फुटांवर आणि मोबाईल पाच फूट उंचीवर असला, तर पावणेसहा फुटी माणसाचं डोकं कापडावर जवळजवळ सहा फुटांपर्यंत येतं. म्हणून पानाची खालची कड सहा फुटांवर घेतली. छताची तुळई आठ फुटांवर. मधल्या दोन फुटांत तीन फूट रुंद पान बरोबर बसलं.

माणसाला अडीच फूट पुढे का आणायचं, तर सावलीसाठी. कापडाला चिकटून उभं राहिलं की मागे प्रत्येकाची काळी सावली पडते. जमिनीवर खडूने दोन रेघा मारल्या, एक उभं राहणाऱ्यांची, दुसरी फोटो काढणाऱ्याची. नंतर खडू पायाने पुसला जाऊ लागला म्हणून त्याच जागी क्रेपच्या उरलेल्या तुकड्यांच्या पट्ट्या सुतळीत धरून दोन्ही टोकांना विटांनी दाबल्या.

उजेडाचं काम सगळ्यात जास्त पैशांचं आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं ठरलं. पार्किंगमधली ट्यूब बरोबर डोक्यावर आहे. तिच्याखाली सगळ्यांच्या डोळ्यांखाली खड्डे दिसतात. वीस वॅटच्या दोन एलईडी ट्यूब आणल्या, २२० रुपयांना एक, आणि वायर-पिन १२० रुपयांची. फोटो काढणाऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला कपडे वाळत घालायचे दोन उभे स्टँड ठेवले, त्यांना ट्यूब उभ्या बांधल्या आणि माणसांकडे तिरक्या वळवल्या. पुढे ४० रुपयांचा बटर पेपर लावला. डोक्यावरची ट्यूब बंद केली. त्याच जागी, त्याच मोबाईलने काढलेला फोटो आधीच्या फोटोशेजारी ठेवून पाहिला, आणि सगळ्यांनी एकदमच 'हा' म्हटलं. तीन हजारांतले सहाशे रुपये उजेडावर घालावेत, हे मी आता कुणालाही सांगेन. ट्यूब वायाही जात नाहीत, आमच्या आता जिन्यात लागणार आहेत.

२८ डिसेंबर, रविवार

पान फाडायची तालीम केली. पहिलं पान ओढलं तसं मधेच तिरकं फाटलं, अर्धा '३' वरच राहिला. दुसऱ्यांदा फाडायच्या रेषेवर कंपासच्या टोकाने भोकं पाडली. ती कमीजास्त अंतरावर पडली आणि पान पुन्हा भरकटलं.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी शिलाई मशीन काढलं. सुईत दोरा न ओवता, टाका मोठा ठेवून त्या रेषेवरून कागद चालवला. एकसारखी भोकं, पोस्टाच्या तिकिटासारखी. रेषेच्या वर आणि खाली, बोटभर अंतर सोडून, मागच्या बाजूने चिकटपट्टी लावली, म्हणजे फाट रेषेबाहेर जाणार नाही. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा सरळ फाटलं. टाका अगदी बारीक ठेवला तर मात्र पान स्वतःच्या वजनाने सुटून पडतं. एकदा तसंही झालं. आकड्यांना आणि पानांना मिळून कार्डशीट दहा लागली, १०० रुपये.

पानावर '३१', खाली 'बुधवार', आणि वर बारीक अक्षरांत मुलांनी 'पौष शुद्ध एकादशी, शके १९४७' लिहिलं होतं. आजींनी थांबवलं. एकादशी आदल्या दिवशी, ३० ला. ३१ ला द्वादशी. त्यांचा उपास ३० लाच होता. दुरुस्त केलं. आतल्या पानावर '१', 'गुरुवार', 'पौष शुद्ध त्रयोदशी'.

३० डिसेंबर, मंगळवार

फुग्यांचा दिवस. सावलीत हवेचे फुगे दोन दिवस चांगले राहतात, म्हणून आदल्या रात्रीच भरले. सायकलवरून फुगे विकणाऱ्या एकाने वर तरंगणारे गॅसचे फुगे स्वस्तात देऊ केले होते. ते घेतले नाहीत. असल्या सिलिंडरमध्ये बहुधा हायड्रोजन असतो आणि तो पेट घेतो. पार्किंगमध्ये स्कूटर, मीटरची पेटी आणि जेवण गरम ठेवायच्या शेगड्या असताना ते आणायचंच नव्हतं.

फोटोच्या कोपऱ्यात डाव्या बाजूने खालून वर चढून पानाच्या वरून उजवीकडे उतरणारी बारा फुटांची माळ करायची होती. चार फुग्यांची एक चौकडी, एका फुटात दोन चौकड्या, म्हणजे शहाण्णव फुगे. फुगे फक्त इथेच लावले, बाकी छतभर पताका. सगळीकडे थोडे थोडे फुगे वाटले की कुठेच भरलेलं दिसत नाही.

सगळे फुगे एकाच मापाचे हवेत, नाहीतर माळ वेडीवाकडी होते. खोक्याच्या पुठ्ठ्यात साडेआठ इंच व्यासाचं भोक कापलं. फुगा थोडा जास्त भरायचा, भोकात धरायचा आणि कडेला टेकणार नाही इतकी हवा सोडायची. दहा इंची फुगा दहा इंच भरायचा नसतो. तो तोंडाकडे निमुळता, पेरूसारखा दिसायला लागला की जास्त झाला असं समजावं. गोल आहे तोवर तो धक्का सोसतो.

गाठ प्रत्येक फुग्याला वेगळी मारली नाही. दोन फुग्यांच्या माना एकमेकींवर आडव्या ठेवून त्यांचीच एकमेकींशी गाठ मारायची. अशा दोन जोड्या मधे एकमेकींत पिळल्या की चौकडी तयार. निम्म्या गाठी वाचतात आणि बोटांची सालं निघत नाहीत. बोटांना जराशी टाल्कम पावडर लावली की रबर चिकटत नाही. चौकड्या तंगुसावर चढवताना प्रत्येक चौकडीनंतर तंगूस दोन फुग्यांच्या मधून एकदा फिरवून ओढला, मग त्या घसरत नाहीत. फटींत पाच इंची फुगे त्यांच्याच मानेने अडकवले.

पहिल्या अर्ध्या तासात चौदा फुगे फुटले. दोष पंपाचा नव्हता, फरशीचा होता. पार्किंगची फरशी खरबरीत आणि तिच्यावर बारीक खडी. फुगा ठेवला की फट्. दोन जुन्या चादरी अंथरल्यावर पूर्ण रात्रीत आणखी तीनच फुटले. चार जणांना अडीच तास लागले, चादर आधी अंथरली असती तर दोन तासांत झालं असतं.

३१ डिसेंबर, बुधवार

तीनला गाड्या हलल्या, पाणी मारून झाडलं, साडेसहापर्यंत सगळं टांगून झालं. मीटरची पेटी, आग विझवायचं नळकांडं आणि जिन्याचं दार यांच्यापुढे काहीही लावलं नाही. फुग्यांची माळ जेवणाच्या शेगड्यांपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात.

एक गोष्ट ठरवलेली नव्हती. मुलांनी मांजरपाटाशेजारी सुतळीला दोन मार्कर बांधले आणि ज्याला जे आठवेल ते त्या तारखेच्या चौकटीत लिहा असं सांगितलं. नऊ वाजेपर्यंत बऱ्याच चौकटी भरल्या. '८ : नवी नोकरी.' '१९ : लिफ्ट सुरू झाली.' फोटोसाठी रांग असायचीच, आणि रांगेतली माणसं वर मान करून पताका वाचत होती. स्वतःच्या घरची पताका शोधून तिच्याखाली फोटो काढायचा, हेही तिथेच सुरू झालं.

बारा वाजता सगळ्यात लहान मुलीला बाबांनी खांद्यावर घेतलं. तिने पान धरलं आणि ओढलं. सरळ फाटलं.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

सकाळी दोन तास आवराआवर. माळेतले नऊ फुगे रात्रीत गेले, बाकी तसेच होते. फुगे फोडून रबराचे तुकडे मोजत गोळा केले, कारण ते कुत्र्या-गाईंच्या पोटात जातात. कोरड्या कचऱ्यात वेगळ्या पिशवीत दिले. तंगूस पूर्ण उलगडून रिळावर घेतला. सुतळीवरच्या पताका तशाच गुंडाळून क्लबरूमच्या कपाटात ठेवल्या.

खर्च : फुगे ५५०, पंप १४०, तंगूस ४०, क्रेप १५०, चमकीचे पडदे २४०, सुतळी-खळ-पिना १६०, खोकी १००, मांजरपाट ३००, कार्डशीट १००, ट्यूब आणि वायर ५६०, बटर पेपर ४०, रिक्षा २२०. एकूण २६०० रुपये. यातले पडद्यांचे २४० आणि गच्चीवर भिजलेल्या क्रेपचे ३० सरळ वाया. उरलेले ४०० जेवणाच्या हिशेबात दिले.

मांजरपाट धुवायला काढलं तर काकूंनी धुवू दिलं नाही. घडी घालून पताकांच्या वर ठेवलं आहे. १४ मेची ती पताका दुपारी दुसऱ्या मजल्यावरची ताई मागायला आली. अक्षर तिच्या सासूबाईंचं होतं, त्या ऑगस्टमध्ये गेल्या. पिन काढून, दुमडलेली पट्टी सरळ करून मी ती तिला दिली.